पाच घरे आणि नऊ घरे : लघुप्रतिमेतील मराठी मुखपृष्ठ

मुखपृष्ठांचा इतिहास आपल्याकडे बहुधा चित्रकारांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. कोणत्या चित्रकाराने कोणत्या लेखकाच्या पुस्तकाला कोणते रूप दिले, त्यात रंगरेषांचे कोणते संस्कार दिसतात, साहित्यकृतीचा आशय त्यात कितपत उतरला, हे प्रश्न त्यात येतात आणि ते रास्तच आहेत. परंतु मुखपृष्ठ किती अंतरावरून पाहिले जात होते, हा प्रश्न त्यात सहसा येत नाही. हातात धरलेले पुस्तक, दुकानाच्या मांडणीवरचे पुस्तक आणि आज संगणकाच्या वा दूरध्वनीच्या पडद्यावर नखाएवढ्या आकारात दिसणारे पुस्तक ही एकाच मुखपृष्ठाची तीन वेगळी वाचने आहेत. यांपैकी तिसऱ्या वाचनाचा, ज्याला ‘थंबनेल’ म्हणतात व येथे आम्ही लघुप्रतिमा म्हणणार आहोत त्याचा, विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे : लघुप्रतिमेची अडचण नवी नाही, मात्र तिच्यावरचे जे तोडगे रोमन लिपीच्या जगात तयार झाले, ते देवनागरीला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, आणि याचे कारण मोजून दाखवता येते.

प्रथम या अडचणीचे वय पाहू. लंडनमध्ये व्हिक्टर गोलान्झ यांनी १९२७ मध्ये आपली प्रकाशनसंस्था काढली. तिच्या पुस्तकांची वेष्टने स्टॅन्ली मॉरिसन या अक्षररचनाकाराने घडवली. भडक पिवळ्या कागदावर काळी आणि किरमिजी अक्षरे, तीही मोठी, आणि चित्र जवळजवळ नाहीच. त्या काळच्या सौम्य, सचित्र वेष्टनांमध्ये हा पिवळा रंग डोळ्यांत खुपत असे, आणि खुपावा हाच हेतू होता. गर्दीच्या विक्रीमांडणीवर, चालत्या माणसाच्या नजरेला, लांबून पुस्तक ओळखू यावे आणि नावही वाचता यावे, यासाठी ती रचना होती.

आता साधे भूमितीचे गणित करू. वीस सेंटिमीटर उंचीचे पुस्तक चार मीटरवरून पाहिले, तर ते डोळ्याशी जेवढा कोन करते, तेवढाच कोन दोन सेंटिमीटर उंचीची लघुप्रतिमा चाळीस सेंटिमीटरवरून करते. दोन्ही ठिकाणी अंतर उंचीच्या वीसपट आहे. म्हणजे हातातल्या दूरध्वनीवर दिसणारे मुखपृष्ठ आणि फलाटाच्या पलीकडून दिसणारे मुखपृष्ठ डोळ्याच्या दृष्टीने एकाच आकाराचे असते. भेद इतकाच, की फलाटावरचा वाचक चार पावले पुढे आला की पुस्तक मोठे होते. लघुप्रतिमेजवळ डोळा नेऊन काही नवे हाती लागत नाही; जो तपशील लहान करताना गळाला, तो गळालाच.

लांबून पाहिल्या जाणाऱ्या पुस्तकाला विसाव्या शतकाने दोन प्रकारची उत्तरे दिली. एक उत्तर ओळखीचे. १९३५ च्या जुलैमध्ये पेंग्विनची पहिली दहा पुस्तके निघाली, तेव्हा एडवर्ड यंग याने तीन आडव्या पट्ट्यांची रचना केली. वरखाली रंग, मध्ये पांढरा पट्टा आणि त्यात नाव. कादंबरीला नारिंगी, गुन्हेकथांना हिरवा, चरित्रांना गडद निळा. या रचनेत पुस्तकाचे नाव काही फार मोठे नव्हते. लांबून कळत असे ते ‘हे पेंग्विन आहे, आणि कादंबरी आहे’ इतकेच. कोणती कादंबरी, हे जवळ जाऊन वाचावयाचे. दुसरे उत्तर वाचनाचे. अमेरिकेत पॉल बेकन याने १९५६ मध्ये मेयर लेव्हिन यांच्या ‘कम्पल्शन’ या कादंबरीचे वेष्टन केले. पुस्तकाचे व लेखकाचे नाव ठळक आणि मोठे, चित्र लहान आणि एकाच कल्पनेचे, अशी ही रीत पुढे ‘बिग बुक लुक’ म्हणून ओळखली गेली. फिलिप रॉथ यांच्या ‘पोर्टनॉय्ज कम्प्लेंट’ला (१९६९) तर बेकनने चित्रच दिले नाही, पिवळ्या पार्श्वभूमीवर केवळ अक्षरे.

१९९५ मध्ये ॲमेझॉनचे पुस्तकांचे दुकान इंटरनेटवर सुरू झाले आणि मुखपृष्ठ पांढऱ्या पानावरच्या एका लहान चौकटीत आले, तेव्हा ही दोन्ही उत्तरे तयारच होती. मुखपृष्ठकारांना इंग्रजीत आजही जे सांगितले जाते, की नाव मोठे ठेवा, चित्र एकच ठेवा, विरोध ठळक ठेवा, ते बेकनच्याच रीतीचे सार आहे. किंडलवर मराठी पुस्तकांची सोय डिसेंबर २०१६ मध्ये झाली, आणि ही सूत्रे मराठी प्रकाशकांपुढेही आली. येथून आमच्या विषयाला खरी सुरुवात होते.

‘नाव मोठे ठेवा’ म्हणजे किती मोठे? याचे उत्तर देण्यासाठी आपण डोळ्यांच्या डॉक्टरकडच्या तक्त्याकडे जाऊ. उट्रेख्ट येथील नेत्रवैद्य हर्मन स्नेलेन यांनी १८६२ मध्ये हा तक्ता तयार केला. त्याचे तत्त्व असे, की निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा दिसतो. म्हणून तक्त्यावरचे अक्षर पाच घरांच्या चौकटीत बसवले जाते आणि प्रत्येक घर त्या मापाचे धरले जाते. रोमन लिपीतले ‘ई’ हे मोठे अक्षर डोळ्यांसमोर आणावे : एक उभा दंड आणि त्याला तीन आडव्या रेषा. तीन रेषा आणि त्यांमधल्या दोन फटी मिळून पाच घरे होतात. रेषेला एक घर आणि फटीलाही एक घर, हा नियम महत्त्वाचा. फटीला घर मिळाले नाही, तर दोन रेषा एक होतात आणि अक्षर वाचता येत नाही.

आता याच नियमाने मराठीतला ‘ई’ मोजू. सर्वांत वर रफारासारखे वळण, त्याखाली शिरोरेषा, तिच्याखाली एकाखाली एक अशी तीन वळणे. पाच रेषा आणि चार फटी मिळून नऊ घरे झाली. खालची शेपटी आम्ही धरलेलीच नाही. एकाच उच्चाराच्या दोन अक्षरांपैकी एकाला पाच घरे पुरतात आणि दुसऱ्याला नऊ लागतात. अर्थात मराठीतली सगळीच अक्षरे ‘ई’इतकी दाट नाहीत, ‘ग’, ‘र’, ‘ट’ पुष्कळ कमी जागेत भागवतात. परंतु मुखपृष्ठावरचे नाव सर्वांत दाट अक्षर जिथे फुटते तिथे फुटते, सरासरी अक्षर जिथे फुटते तिथे नाही. शिवाय रोमन मोठ्या अक्षरांच्या ओळीत सगळा मजकूर दोन आडव्या रेषांच्या मध्ये बसतो. आपल्या ओळीला तीन मजले आहेत : वर मात्रा-वेलांट्या, मध्ये अक्षराचा देह, खाली उकार आणि ऋकार. एवढ्यावरून इतके निश्चित, की इंग्रजी पुस्तकाच्या अनुभवावरून ठरवलेला अक्षराचा आकार मराठीत जवळजवळ दुपटीने अपुरा पडू शकतो.

येथे एक शंका कोणी काढील. आजच्या दूरध्वनीच्या पडद्यावरचे ठिपके, म्हणजे पिक्सेल, इतके बारीक असतात की लहान चित्रातही भरपूर तपशील मावतो. मग ही मोजणी कशाला? शंका योग्य आहे, पण उत्तर पुन्हा डोळ्याशीच येते. चाळीस सेंटिमीटरवर एका अंशाचा साठावा भाग म्हणजे सुमारे ०.१२ मिलिमीटर. दोन सेंटिमीटर उंचीच्या लघुप्रतिमेत अशी घरे सुमारे १७० होतात. पडद्याने त्याहून जास्त ठिपके दिले, तरी डोळा ते वेगळे पाहत नाही. जुन्या, जाड ठिपक्यांच्या पडद्यावरची १६० पिक्सेल उंचीची प्रतिमा आणि नव्या पडद्यावरची दोन सेंटिमीटरची प्रतिमा यांचा हिशेब म्हणून जवळपास एकच येतो. पुढील सर्व गणितासाठी आम्ही १६० हीच उंची धरणार आहोत. हेही लक्षात ठेवावे, की पाच वा नऊ घरे ही निरोगी डोळ्याची शेवटची मर्यादा आहे. तक्त्यावरची शेवटची ओळ आपण डोळे ताणून वाचतो. सहज, ओझरत्या वाचनासाठी आम्ही तिच्या दुप्पट, म्हणजे दाट अक्षराला अठरा घरे, धरतो.

घरे अपुरी पडली म्हणजे नेमके काय होते? अक्षर एकदम नाहीसे होत नाही. ते दुसरे अक्षर होते. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ या जोड्यांत शिरोरेषा अखंड आहे की तुटलेली, यावर भेद अवलंबून असतो. ती फट घरापेक्षा लहान झाली, की प्रतिमा लहान करणारी यंत्रणा फटीचा पांढरा आणि रेषेचा काळा यांची सरासरी काढून तेथे करडा ठिपका ठेवते. आणि करडी शिरोरेषा वाचकाला अखंडच वाटते. ‘ब’ आणि ‘व’, ‘ष’ आणि ‘प’ यांत पोटातली तिरपी रेषा हाच भेद. ती गेली की ‘ब’चा ‘व’ होतो. सर्वांत नाजूक अनुस्वार. ‘चिंता’ या शब्दावरचा टिंब वेलांटीच्या वळणाला लागून बसतो. तो वळणात मिसळला, तर शब्द अशुद्ध होत नाही, ‘चिता’ असा शुद्ध शब्द उरतो. वाचकाला चूक झाल्याची शंकाही येत नाही, हे या अपघाताचे वैशिष्ट्य होय.

अक्षराच्या जाडीचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. बोरूच्या वळणातून आलेल्या देवनागरीत जाड आणि बारीक रेषांचा फरक मोठा असतो. छापील पानावर तो देखणा दिसतो. लहान आकारात मात्र जाड रेषा टिकते, बारीक रेषा विरते, आणि अक्षराचे सुटे तुकडे हाती येतात. यावर उपाय म्हणून सगळेच ठळक केले, तर फटी बुजतात. म्हणून लघुप्रतिमेला जुळते ते एकसारख्या रेषेचे, मध्यम ठळक, मोकळ्या पोटाचे अक्षर. पडद्यासाठी घडवलेल्या देवनागरीत हीच दिशा दिसते. प्रा. र. कृ. जोशी यांनी रचलेला ‘मंगल’ हा टंक, किंवा मुंबईच्या एक टाइप या गटाचा ‘मुक्त’ पाहिला तर रेषेतला चढउतार मुद्दाम कमी केलेला आढळेल.

रंगाविषयी एकच गोष्ट सांगतो, कारण तिच्यावरच अनेक मुखपृष्ठे फसतात. दुकानात प्रतिमा बहुधा जेपेग या स्वरूपात साठवली जाते. त्यात उजेडाचा तपशील पूर्ण ठेवून रंगाचा तपशील अनेकदा निम्म्यावर आणलेला असतो, कारण डोळाही रंगापेक्षा उजेडाचा भेद अधिक बारकाईने पाहतो. गडद हिरव्यावर गडद लाल अक्षरे मोठ्या प्रतीत उठून दिसली, तरी त्यांचा उजेड सारखाच असल्यामुळे लहान प्रतीत ती चिखलासारखी होतात. २००७ सालच्या पहिल्या किंडलच्या पडद्यावर करड्याच्या केवळ चार छटा होत्या. त्यावर वाचता येणारे नाव कोठेही वाचता आले असते. मुखपृष्ठ कृष्णधवल करून पाहणे ही आजही सर्वांत सोपी परीक्षा आहे.

आता मराठीच्या इतिहासाकडे वळू. लघुप्रतिमेसाठी आपल्या मुखपृष्ठ-परंपरेतून काय घेता येईल, असे विचारले तर प्रथम दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांचे नाव समोर येते. त्यांची मुखपृष्ठे चित्रकाराची होती. वाचक ती हातात घेऊन पाहत असे, प्रसंग, मुद्रा, वस्त्रांची वळणे निरखत असे. त्या चित्रांचे मोल आम्ही कमी लेखत नाही. पण पूर्णाकृती माणसाच्या उंचीत त्याचे डोके सुमारे साडेसात वेळा मावते, हे चित्रशाळेतले माप येथे लावून पाहावे. १६० घरांच्या प्रतिमेत शंभर घरे उंचीची आकृती काढली, तर चेहऱ्याला तेरा-चौदा घरे येतात. तेवढ्यात मुद्रा दिसणे शक्य नाही.

आमच्या मते लघुप्रतिमेचा मराठी पूर्वज पुस्तकांत नाही, वर्तमानपत्रांत आहे : नाटकाची जाहिरात. मुंबई-पुण्याच्या दैनिकांत नाटकांच्या जाहिरातींचे रकानेच्या रकाने असत. प्रत्येक नाटकाला एखाद-दुसऱ्या रकान्याच्या रुंदीची चौकट, शेजारी तशाच कित्येक चौकटी, खरखरीत कागद आणि पसरणारी शाई. बारीक फट शाईने बुजे, बारीक रेष छपाईत तुटे. पिक्सेलची सरासरी जे आज करते तेच तेव्हा शाई करीत होती. फोटो लावला तर तो काळपट डाग होई. अशा जागी नाटकाची ओळख ठरत असे ती त्याच्या नावाच्या अक्षरांकनावरून. कमल शेडगे (निधन २०२०) यांनी या कामात जे मिळवले, ते या संदर्भात पुन्हा पाहण्याजोगे आहे. नाटकाचे नाव त्यांच्या हातात आल्यावर ते टंकातून उचललेल्या अक्षरांची ओळ राहत नसे. ते एक आकृती होई. आकृती झालेले नाव वाचले जाण्याआधी ओळखले जाते. पेंग्विनचे उत्तर आणि बेकनचे उत्तर, ओळख आणि वाचन, ही दोन्ही येथे एकाच अक्षरांकनात एकत्र येतात.

या तुलनेची मर्यादाही सांगितली पाहिजे. नाटकाची जाहिरात वाचक दर आठवड्याला पाहत असे. नाव त्याला आधीच ठाऊक होई. पुस्तकाची लघुप्रतिमा अनोळखी वाचक एकदाच, ओझरती पाहतो. म्हणून जाहिरातीतले अक्षर जितके स्वैर वळवता येत असे, तितके मुखपृष्ठावरचे वळवता येणार नाही. आकृती व्हावी, पण अक्षर मोडू नये, ही मर्यादा येथे अधिक कडक आहे.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले. लेखिकेचे निधन १९३६ मधले, त्यामुळे हे पुस्तक आता हक्कमुक्त आहे आणि ते कोणीही काढू शकतो. अशा पुस्तकाच्या अनेक आवृत्त्या दुकानाच्या एकाच पानावर शेजारी येऊ शकतात, आणि त्यांत वाचकापुढे निवडीचे पहिले साधन लघुप्रतिमा हेच असते. समजा, आपल्याला त्याची नवी ई-आवृत्ती काढावयाची आहे. ॲमेझॉन प्रकाशकाकडून २५६० पिक्सेल उंच आणि १६०० पिक्सेल रुंद मुखपृष्ठाची शिफारस करते. ते सोळापट लहान केले की १६० उंचीची आणि १०० रुंदीची प्रतिमा होते. दोन्ही बाजूंना आठ-आठ घरांचा समास सोडला, तर नावासाठी रुंदीत ८४ घरे उरतात.

नाव चार अक्षरांचे : स्मृ, ति, चि, त्रे. लहान वाटते, पण तिन्ही मजले भरलेले आहेत. वर दोन वेलांट्या आणि एक मात्रा, खाली ऋकार, मध्ये दोन जोडाक्षरे. साध्या, मध्यम ठळक टंकात हे नाव ८४ घरांच्या रुंदीत एका ओळीत बसवले, तर अक्षराचा देह शिरोरेषेपासून पायापर्यंत सुमारे सोळा घरांचा येतो आणि मात्रेपासून ऋकारापर्यंतची पूर्ण उंची तीसच्या आसपास जाते. सहज वाचनासाठी आपण अठरा घरे धरली होती. त्यापेक्षा हे बरेच अधिक आहे. प्रतिमा आणखी लहान, म्हणजे ६० रुंदीची झाली, तरी पूर्ण उंची अठरा-एकोणिसावर राहते. नाव कसेबसे नव्हे, नीट तरते.

मुखपृष्ठकाराला येथे मोह होतो तो नाव दोन ओळींत मोडून दुप्पट मोठे करण्याचा : वर ‘स्मृति’, खाली ‘चित्रे’. इंग्रजी सूत्रानुसार हे बरोबरच ठरेल. पण दोन अडचणी येतात. पहिली रचनेची. वरच्या ओळीतल्या ‘स्मृ’चा ऋकार नेमका खालच्या ओळीतल्या ‘चि’च्या वेलांटीवर येऊन आदळतो. ही अडचण सोडवता येते. खालची ओळ एका अक्षराएवढी उजवीकडे सरकवली, तर ऋकार रिकाम्या जागेत लोंबतो आणि दोन ओळी एकमेकींत छान गुंततात. जुने अक्षरांकनकार असेच करीत. दुसरी अडचण शुद्धलेखनाची आहे आणि ती सुटत नाही. मराठी लेखननियमांनुसार तत्सम इकारान्त शब्द एकटा आला की दीर्घ लिहावयाचा, ‘स्मृती’. समासाच्या आरंभी आला की ऱ्हस्व, ‘स्मृतिचित्रे’. नाव दोन ओळींत मोडले, की वरच्या ओळीत ऱ्हस्व ‘स्मृति’ एकटा उभा राहतो, आणि लघुप्रतिमा पाहणाऱ्या वाचकाला ते अशुद्ध दिसते. दीर्घ केला तर ग्रंथाचे नावच बदलते. मध्ये संयोगचिन्ह घातले, तर एका शब्दाची दोन शकले झाल्याची कबुली मुखपृष्ठावर येते. म्हणून येथे एक ओळच योग्य. वाचनीयतेची गरज भागल्यावर त्यापुढे अक्षर मोठे करण्यासाठी भाषा मोडू नये, असा हा निर्णय आहे. आणि तो घेता येतो याचे कारण आपण आधी मोजले होते.

लेखिकेचे नाव अधिक अवघड आहे. ‘लक्ष्मीबाई टिळक’ या ओळीत ‘क्ष्मी’ हे दाट जोडाक्षर आहे आणि आपला नऊ घरांचा ‘ई’ही आहे. ८४ घरांत ही ओळ एका रांगेत बसवली, तर अक्षराचा देह नऊ-दहा घरांचा आणि रफारासकट ‘ई’ची उंची बारा-तेरा घरांची येते. म्हणजे १६० उंचीच्या प्रतिमेत नाव वाचता येते, पण लक्ष देऊन. ६० रुंदीच्या प्रतिमेत ते मर्यादेखाली जाते. येथे आम्ही तडजोड स्वीकारू. दुकानाच्या पानावर प्रतिमेशेजारी पुस्तकाचे आणि लेखिकेचे नाव छापील मजकुरात बहुधा असतेच. लहान आकारात त्या ओळीने ‘येथे लेखिकेचे नाव आहे’ इतके सांगितले तरी चालेल. उपशीर्षक, आवृत्तीची टीप, प्रस्तावनाकाराचे नाव यांना मात्र मुखपृष्ठावर स्थान देऊ नये. ती आतल्या पानावर जावीत. लघुप्रतिमेत त्यांचा मजकूर राहत नाही, फक्त मळ राहतो.

उरली चित्राची जागा. नाव वर आणि लेखिकेचे नाव तळाशी घेतले, की मधे सुमारे नव्वद घरे राहतात. येथे लेखिकेचे पूर्णाकृती छायाचित्र ठेवले, तर चेहऱ्याला बारा घरे येतील. तेच छायाचित्र खांद्यापर्यंत कापले, तर चेहऱ्याला चाळीस-पंचेचाळीस घरे मिळतात आणि डोळे, कपाळ, केसांची सीमा वेगळी दिसते. पार्श्वभूमी पांढरी ठेवावयाची झाल्यास दुकानाच्या पांढऱ्या पानात पुस्तकाची कडाच हरवते. यासाठी ॲमेझॉन तीन ते चार पिक्सेल रुंदीची करडी कड सुचवते. पण सोळापट लहान करताना चार पिक्सेलची कड एका घराच्या पावभागाएवढी उरते, म्हणजे फिकट सावली. लघुप्रतिमेत एक पूर्ण घर जाडीची कड हवी असेल, तर मूळ प्रतीत ती सोळा पिक्सेलची काढावी लागेल. त्यापेक्षा कागदाला हलका बदामी रंग देणे सोपे.

हे सारे झाल्यावर परीक्षा कशी घ्यावी? प्रतिमा १६० आणि मग ९६ पिक्सेल उंचीची करावी, कृष्णधवल करावी, आणि ती पाहावी, इतके सर्वजण सांगतात. आम्हाला यात एक उणीव दिसते. मुखपृष्ठ करणाऱ्याला नाव ठाऊक असते, आणि ठाऊक असलेले नाव डोळा धुरकट ठिपक्यांतूनही वाचतो. म्हणून त्याच टंकात, त्याच आकारात, त्याच रंगांत ‘चिता’ आणि ‘चिंता’, ‘घन’ आणि ‘धन’ असे शब्द बसवून, लहान करून, दुसऱ्या कोणाला कोणता शब्द आहे ते विचारावे. उत्तर देताना तो थांबला, तर अक्षराचा आकार, जाडी किंवा रंग यांपैकी काहीतरी चुकले आहे.

एक वाट मात्र आम्ही विचारपूर्वक नाकारतो. शिरोरेषा काढून टाकावी, म्हणजे एक रेषा आणि एक फट वाचेल, असा तोडगा काही मुखपृष्ठांवर दिसतो. हिशेब बरोबर आहे; ‘ई’ची नऊ घरे सातावर येतात. पण शिरोरेषा एका शब्दाची अक्षरे एकत्र बांधते. ती गेली की लहान आकारात शब्द सुट्या आकृत्यांत विखुरतो, आणि दोन शब्दांमधली जागा व दोन अक्षरांमधली जागा यांतला भेद कळेनासा होतो. एकाच शब्दाच्या, उकार-वेलांट्या नसलेल्या नावाला ती युक्ती साधेल. ‘स्मृतिचित्रे’ला नाही.

मुखपृष्ठांवर यापुढे लिहिताना अभ्यासकांनी ते दोन्ही मापांत पाहावे आणि आपण कोणत्या मापातल्या प्रतीविषयी बोलत आहोत हे नोंदवावे, असे आम्हाला वाटते. दलालांचे चित्र हातभर अंतरावर वाचावयाचे आहे. त्याला लघुप्रतिमेच्या मापाने नापास करणे अन्यायाचे होईल. त्याचप्रमाणे आज एखाद्या मुखपृष्ठावर केवळ मोठी अक्षरे आणि एकच आकृती दिसली, तर त्याला चित्रदारिद्र्य म्हणण्यापूर्वी त्या अक्षरांतल्या फटी मोजाव्यात. त्या फटींत अनुस्वार शाबूत राहिला असेल, तर मुखपृष्ठकाराने आपले काम केले आहे.